सोयाबीनचा चकवा

माहूरचा गड उतरून किनवटच्या रस्त्याला लागलं की पावसाळ्यात दोन्ही बाजूंना कापूस, तूर आणि सोयाबीन दिसतं. आजोबांच्या पिढीत या भागात सोयाबीनचं नाव नव्हतं. आता दिवाळीच्या आधी पोती भरतात आणि मराठवाड्यातला बराचसा माल लातूरच्या आडतीवर जातो. तिथल्या कारखान्यांत तेल निघतं. उरतो त्या चोथ्याला व्यापारी ‘डीओसी’ म्हणतात आणि तो कोंबडीच्या खाद्यात जातो. खाद्य करणारा माणूस माल घेताना एक गोष्ट हमखास तपासतो: डीओसी वाफेवर नीट भाजली गेली आहे की नाही. कच्ची राहिली असेल तर पिल्लं खातात, पण अंगी लागत नाही. वजन वाढत नाही आणि स्वादुपिंड मात्र सुजल्यासारखं मोठं होतं.

हे कशामुळे होतं, हे शोधायला जवळपास तीन दशकं लागली. ज्या पदार्थामुळे होतं तो काम कसं करतो, हे कळायला आणखी तीन. त्या दुसऱ्या तीन दशकांची हकिगत इथे सांगायची आहे. तिच्यात एक आलेख आहे, बायोकेमिस्ट्रीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने परीक्षेत काढलेला. आणि याच सोयाबीनच्या बाबतीत तो आलेख सरळसरळ खोटं बोलतो.

सुरुवात १९१७ सालची. ऑसबर्न आणि मेंडेल या अमेरिकन शास्त्रज्ञांनी उंदरांना सोयाबीन घातलं. कच्च्या दाण्यावर उंदीर वाढेनात, शिजवलेल्या दाण्यावर वाढले. प्रथिन तेच, उंदीर तेच, फरक फक्त उष्णतेचा. १९४४ मध्ये कच्च्या सोयाबीनमधून असा अर्क निघाला की तो ट्रिप्सिन थांबवत होता. ट्रिप्सिन हे स्वादुपिंडातून आतड्यात येणारं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम. पुढच्याच वर्षी रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या प्रिन्स्टन इथल्या प्रयोगशाळेत मोझेस कुनिट्झ यांनी त्या अर्कातला अवरोधक स्फटिकरूपात वेगळा केला. तोही एक प्रथिनच निघाला. १९४७ पर्यंत कुनिट्झ यांनी ट्रिप्सिन आणि अवरोधक यांच्या जोडीचाही स्फटिक मिळवला होता. एका ट्रिप्सिनला एक अवरोधक, असा तो हिशेब होता.

याच काळात मुंबईत आपल्या कडधान्यांवर काम सुरू झालं आणि ते करणाऱ्या बाई होत्या कमला सोहोनी. माहेरच्या भागवत, दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. बंगळूरच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला तेव्हा त्यांनी तो भांडून मिळवला, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक असते. त्यांचं विज्ञान मात्र फारसं सांगितलं जात नाही. केंब्रिजला त्या पोहोचल्या त्या गौलंड हॉपकिन्स यांच्या विभागात. एन्झाइमच्या वेगाचं गणित त्या काळी ज्या ठिकाणी सर्वात जास्त घोटलं गेलं, त्यांपैकी हे एक. ब्रिग्ज आणि हॉल्डेन यांचा १९२५ चा निबंध केंब्रिजचा. १९२८ मध्ये क्वास्टेल आणि वूलड्रिज यांनी मॅलोनेट हा पदार्थ सक्सिनेटची जागा कशी अडवतो हे दाखवलं, तेही केंब्रिजलाच. कमलाबाईंनी १९३९ मध्ये तिथली पीएचडी घेतली ती वनस्पतींमधल्या सायटोक्रोम सी या प्रथिनावर, बटाट्यापासून सुरुवात करून.

पुढे दिल्ली, कुन्नूर असं करत त्या मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये आल्या. १९५० च्या दशकात त्यांच्या विभागातून भारतीय अन्नपदार्थांतल्या ट्रिप्सिन-अवरोधकांवर निबंधांची मालिकाच निघाली. १९५५ मध्ये त्यांनी सहकारी आंबे यांच्यासोबत ‘नेचर’मध्ये असे अवरोधक स्फटिकरूपात मिळाल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी वाल आणि डबल बी यांच्यातल्या अवरोधकांचं शुद्धीकरण प्रसिद्ध झालं. वाल भिजवायचे, मोड आणायचे, सोलायचे आणि मग शिजवायचे, हा घरोघरचा खटाटोप होता. त्या दाण्यात नेमकं काय असतं, हे आता बाटलीत आलं होतं.

बाटलीत आल्यावर प्रश्न उरतो तो असा की अवरोधक ट्रिप्सिनला नेमका कुठे धरतो?

याचं उत्तर डोळ्यांनी पाहायची सोय तेव्हा नव्हती. सोय होती ती वेग मोजण्याची. बर्लिनच्या लिओनोर मायकेलिस यांनी कॅनडाहून आलेल्या डॉक्टर मॉड मेंटेन यांच्यासह १९१३ मध्ये साखर फोडणाऱ्या इन्व्हर्टेज एन्झाइमवर ते गणित बसवलं होतं. एन्झाइम ज्यावर काम करतं त्या पदार्थाला, म्हणजे सबस्ट्रेटला, वाढवत नेलं की वेग आधी झपाट्याने वाढतो, मग वाढ मंदावते आणि शेवटी एका कमाल मर्यादेला टेकू लागतो. ही मर्यादा म्हणजे व्हीमॅक्स. तिच्या निम्मा वेग ज्या सबस्ट्रेटला मिळतो ते प्रमाण म्हणजे केएम. सूत्र इतकंच:

v = Vmax × S / (Km + S)

दुसऱ्याच वर्षी, १९१४ मध्ये, मायकेलिस आणि पेखस्टाइन यांनी इन्व्हर्टेजला रोखणारे सगळे पदार्थ एका जातीचे नसतात, असं मांडलं. काही सबस्ट्रेटच्याच जागेवर बसतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी तसं हे आहे. रुमाल एक आणि चढणारे चार असले तर जागा जाते; चढणारे चारशे झाले तर रुमालाला कोण विचारतो? म्हणजे सबस्ट्रेट भरपूर वाढवलं की असा अवरोध मोडून निघतो. व्हीमॅक्स तीच राहते, फक्त तिथे पोहोचायला जास्त सबस्ट्रेट लागतं, म्हणून केएम वाढल्यासारखी दिसते. हा स्पर्धात्मक अवरोध. दुसऱ्या जातीचे पदार्थ एन्झाइमला भलत्याच ठिकाणी धरून ते निकामी करतात. सबस्ट्रेट कितीही ओता, निकामी झालेलं एन्झाइम निकामीच राहतं. व्हीमॅक्स खाली येते. उरलेलं एन्झाइम पूर्वीसारखंच वागत असल्याने केएम हलत नाही. हा अस्पर्धात्मक.

वक्र रेषेवर हा फरक वाचणं मात्र अवघड. वक्र मर्यादेला टेकतो कुठे हे नजरेने ठरवावं लागतं, आणि माणसाची नजर वक्राच्या टोकाला फसते. यावर तोडगा निघाला तो अमेरिकेच्या कृषी खात्यात. वॉशिंग्टनच्या नत्र-स्थिरीकरण प्रयोगशाळेत हान्स लाइनविव्हर आणि डीन बर्क हे कडधान्यांच्या नव्हे, पण जमिनीतल्या नत्र बांधणाऱ्या जिवाणूंच्या कामात गुंतले होते. १९३४ मध्ये त्यांनी सूत्र उलटं केलं. आडव्या अक्षावर सबस्ट्रेटऐवजी १/S, उभ्या अक्षावर वेगाऐवजी १/v. वक्राची सरळ रेषा झाली. रेषा उभ्या अक्षाला छेदते तिथे १/व्हीमॅक्स, आडव्या अक्षाला डावीकडे छेदते तिथे उणे १/केएम. फूटपट्टी लावा आणि वाचा. ही कल्पना केंब्रिजच्या बार्नेट वूल्फ यांनाही सुचली होती आणि हॉल्डेन यांनी १९३२ च्या आपल्या जर्मन पुस्तकात तिचं श्रेय त्यांना दिलं होतं. पण नाव लागलं ते लाइनविव्हर–बर्क यांचंच.

आता प्रत्यक्ष प्रयोग पाहू. एन्झाइम ट्रिप्सिन, सबस्ट्रेट बीएपीएनए. हा कृत्रिम पदार्थ १९६१ पासून ट्रिप्सिनसाठी वापरात आहे. ट्रिप्सिनने तो तोडला की पिवळा रंग सुटतो आणि ४१० नॅनोमीटरला रंगाची दाटी मोजता येते. द्रावणाचा सामू ८.२ च्या आसपास, तापमान ३७ अंश. दहा मिनिटांनी ॲसेटिक ॲसिड घालून क्रिया थांबवायची. हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल धरतो: केएम १ मिलिमोलर, व्हीमॅक्स ६० एकक. सबस्ट्रेट ०.२५, ०.५, १ आणि २ मिलिमोलर घेतलं तर वेग अनुक्रमे १२, २०, ३० आणि ४० येतात.

पहिला अवरोधक बेन्झामिडीन. लहानसा रेणू आहे, ट्रिप्सिनच्या खिशात नेमका बसतो. तो अशा प्रमाणात घालू की केएम दुप्पट भासेल. वेग येतील ६.७, १२, २० आणि ३०. पहिल्या नळीत वेग ४४ टक्के पडला, शेवटच्या नळीत फक्त २५ टक्के. सबस्ट्रेट वाढतं तसा अवरोध ढिला पडतो. उलट आलेखात दोन्ही रेषा उभ्या अक्षावर एकाच बिंदूत, ०.०१६७ ला मिळतात, कारण १/६० दोघींना सामाईक आहे. आडव्या अक्षावर छेद उणे १ वरून उणे ०.५ वर सरकतो.

दुसरा, कल्पनेतला, शुद्ध अस्पर्धात्मक अवरोधक घेऊ, जो व्हीमॅक्स निम्मी करतो. वेग येतील ६, १०, १५ आणि २०. प्रत्येक नळीत बरोबर ५० टक्के घट. उलट आलेखात रेषा आडव्या अक्षावर उणे १ ला एकत्र येतात आणि उभ्या अक्षावर वेगळ्या होतात: एक ०.०१६७ ला, दुसरी ०.०३३३ ला.

इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण वर्गात ही गोष्ट सांगितली जात नाही. दोन्ही अवरोधकांच्या पहिल्या नळीचे आकडे पाहा: ६.७ आणि ६. पिपेटच्या चुकीतच हा फरक बुडून जाईल. शेवटच्या नळीत मात्र ३० आणि २०. म्हणजे दोन जाती वेगळ्या ओळखायच्या तर निकाल लागतो तो जास्त सबस्ट्रेटच्या टोकाला. उलट आलेखात हे टोक उभ्या अक्षापाशी, डाव्या कोपऱ्यात दाटीवाटीने बसतं, आणि उजवीकडे पसरतात ते कमी सबस्ट्रेटचे बिंदू. डोळा फूटपट्टी लावतो ती या पसरलेल्या बिंदूंना धरून. शिवाय चूकही तिथेच फुगते. मोजणीत १ एककाची चूक झाली असं धरा. १२ चे ११ झाले तर व्युत्क्रम ०.००७६ ने हलतो. ४० चे ३९ झाले तर ०.०००६ ने. तीच चूक, बारापट मोठी दिसते. लाइनविव्हर आणि बर्क यांना हे माहीत होतं. त्यांच्यासोबत काम करणारे संख्याशास्त्री म्हणजे डब्ल्यू. एडवर्ड्स डेमिंग, तेच जे पुढे जपानच्या कारखान्यांचे गुरू ठरले. कोणत्या बिंदूला किती वजन द्यायचं याचा विचार त्यांच्या कामात होता. पुढच्या पिढ्यांनी आलेख घेतला आणि वजनं टाकून दिली.

त्यात बीएपीएनएची आणखी एक खोड आहे. ते पाण्यात नीट विरघळत नाही. आधी डायमेथिल सल्फॉक्साइडमध्ये विरघळवून मग बफरमध्ये घ्यावं लागतं, आणि १–२ मिलिमोलरच्या पुढे गेलं की गढूळपणा येण्याची भीती. म्हणजे निकाल जिथे लागतो तिथेच हात आखडतो.

हे सगळं सांभाळून आता बेन्झामिडीन बाजूला ठेवा आणि कुनिट्झ यांचा सोयाबीन-अवरोधक घ्या. नळीत ट्रिप्सिन २० नॅनोमोलर, म्हणजे दर मिलिलिटरला अर्धा मायक्रोग्रॅम. अवरोधक १० नॅनोमोलर. दोन्ही एकत्र करून पाच-दहा मिनिटं ठेवा, मग सबस्ट्रेट घाला. वेग येतात ६, १०, १५ आणि २०. सगळीकडे निम्मे. उलट आलेखात रेषा आडव्या अक्षावर उणे १ ला एकत्र. पुस्तकाप्रमाणे उत्तर एकच: अस्पर्धात्मक. परीक्षेत पूर्ण गुण मिळतील.

उत्तर चूक आहे. हा अवरोधक ट्रिप्सिनच्या बरोबर त्याच जागेत शिरतो जिथे सबस्ट्रेट शिरतं.

चकवा कुठे आहे? मायकेलिस यांच्या गणितात एक मूक अट आहे: अवरोधक इतका भरपूर असावा की एन्झाइमला चिकटून गेलेला भाग नगण्य ठरेल. बेन्झामिडीन मायक्रोमोलरमध्ये घालतो, एन्झाइम नॅनोमोलरमध्ये असतं; अट आपोआप पाळली जाते. सोयाबीनचा अवरोधक मात्र ट्रिप्सिनला विलक्षण घट्ट धरतो. विघटन-स्थिरांक नॅनोमोलरच्याही खूप खाली, समजा ०.०१ नॅनोमोलर. मग १० नॅनोमोलर अवरोधकातला जवळपास कणन् कण ट्रिप्सिनला जाऊन चिकटतो. २० पैकी १० ट्रिप्सिन बांधलं गेलं, १० मोकळं राहिलं. मोकळं ट्रिप्सिन आपल्या नेहमीच्या केएमने काम करतं, म्हणून केएम हलत नाही. काम करणारं एन्झाइम निम्मं, म्हणून व्हीमॅक्स निम्मी. आलेखाला फक्त एवढंच दिसतं.

मग सबस्ट्रेटने स्पर्धा का केली नाही? केलीच आहे, पण ती दिसत नाही. २ मिलिमोलर सबस्ट्रेट असताना अवरोधकाची पकड तिपटीने ढिली होते, ०.०१ चे ०.०३ नॅनोमोलर होते. पण नळीत १० नॅनोमोलरच्या हिशेबाने व्यवहार चालला असताना ०.०१ काय आणि ०.०३ काय, अवरोधक जवळजवळ सगळा चिकटलेलाच राहणार. स्पर्धा पाहायची असेल तर ट्रिप्सिनही ०.०१–०.०२ नॅनोमोलरपर्यंत पातळ करायला हवं. तेव्हा बीएपीएनएचा पिवळा रंग डोळ्यालाच काय, यंत्रालाही दिसणार नाही. चमक देणारे, कितीतरी संवेदनशील सबस्ट्रेट लागतील. शिवाय इतक्या पातळ द्रावणात अवरोधकाला एन्झाइम गाठायलाच बराच वेळ लागतो. घाई केली तर तो कमजोर आहे असा उलटाच निष्कर्ष निघेल.

हा चकवा ओळखायची साधी युक्ती १९४९ मध्ये ॲकरमान आणि पॉटर यांनी दिली, आणि ती आजही कुठल्याही महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत करता येते. सबस्ट्रेट बदलू नका, एन्झाइम बदला. अवरोधक १० नॅनोमोलरच ठेवा आणि ट्रिप्सिन घ्या २०, ४० आणि ६०. अवरोधक खरोखर अस्पर्धात्मक असेल तर तो प्रत्येक वेळी निम्मंच एन्झाइम निकामी करेल: घट ५०, ५० आणि ५० टक्के. वेग विरुद्ध एन्झाइम असा आलेख काढला तर रेषा शून्यातूनच निघेल, फक्त उतार निम्मा. घट्ट चिकटणारा असेल तर तो प्रत्येक वेळी १० च खाईल: उरतील १०, ३० आणि ५०, घट ५०, २५ आणि १७ टक्के. आलेखात रेषा मूळ रेषेला समांतर राहील, पण शून्याऐवजी १० वरून सुरू होईल. जिथून रेषा उठते तेवढा अवरोधक नळीत आहे. जात कळते आणि मोजमापही फुकटात मिळतं. शुद्ध केलेल्या अवरोधकाच्या बाटलीत खरोखर किती चालता माल आहे हे तपासायलाही हीच रेषा वापरतात.

खरं तर याचे धागे आधीपासून पडलेले होते. १९४३ मध्ये स्ट्रॉस आणि गोल्डस्टाइन यांनी कोलिनेस्टरेज या एन्झाइमवर नेमका हाच प्रश्न सोडवला होता: अवरोधक एन्झाइमच्या पोटातच संपून गेला तर काय? पण ते औषधशास्त्राच्या खणात पडून होतं, आणि कडधान्यांचे लोक तो खण सहसा उघडत नसत. त्यांचं सबस्ट्रेटही अडचणीचं होतं. १९४०-५० च्या दशकात ट्रिप्सिन मोजायचं ते बहुतेक दुधातल्या केसीनवर. केसीनमध्ये तुटण्याजोग्या जागा अनेक, प्रत्येकीची ओढ वेगळी. त्यावरून काढलेल्या केएमला नेमका अर्थ उरत नाही. अशा सबस्ट्रेटवर काढलेला उलट आलेख सरळ रेषेत आला तरी तो कशाची रेषा आहे हे सांगता येत नाही. म्हणून त्या काळातल्या निबंधांत ‘अस्पर्धात्मक’ असा शब्द दिसला तर लेखकाला नावं ठेवण्याआधी त्याच्या नळीत काय होतं ते पाहावं.

खरी जागा सापडत गेली ती टप्प्याटप्प्याने. १९५३ मध्ये मायकेल ग्रीन यांनी लहान कृत्रिम सबस्ट्रेट वापरून ट्रिप्सिनच्या अवरोधकांमध्ये आपसात आणि सबस्ट्रेटशी होणारी स्पर्धा उघड केली. १९६६ मध्ये ओझावा आणि लास्कोव्स्की यांनी सोयाबीन-अवरोधकातलं ते नेमकं ठिकाण दाखवलं जे ट्रिप्सिनच्या खिशात जातं: आर्जिनिन आणि आयसोल्युसिन यांच्यामधला बंध. ट्रिप्सिन तोडतं ते आर्जिनिन आणि लायसिन यांच्या पुढचे बंध. म्हणजे अवरोधक ट्रिप्सिनपुढे त्याच्या आवडीचाच घास धरतो. ट्रिप्सिन तो तोंडात घेतं आणि तिथेच अडकतं; बंध तुटतो तो अगदी सावकाश, आणि तुटला तरी पुन्हा जुळतो. १९७४ मध्ये केंब्रिजच्या डेव्हिड ब्लो यांच्या गटाने डुकराच्या ट्रिप्सिनशी जोडलेल्या या अवरोधकाची क्ष-किरणांनी काढलेली रचना प्रसिद्ध केली. अवरोधक सबस्ट्रेटच्या जागी बसलेला त्यात स्पष्ट दिसतो. कुनिट्झ यांच्या स्फटिकानंतर २९ वर्षांनी.

या दरम्यान एन्झाइमच्या गणितवाल्यांनीही सूत्र दुरुस्त केलं. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जॉन मॉरिसन यांनी घट्ट अवरोधकांसाठी वेगळं समीकरण दिलं, ज्यात मोकळा अवरोधक किती उरला याचा हिशेब आधी होतो. आज संगणकावर तेच बसवतात. सरळ रेषेचा मोह त्यात नाही, कारण ती रेषा मुळात सरळ नसतेच.

शुद्ध अस्पर्धात्मक अवरोध मग खरोखर असतो का? एकाच सबस्ट्रेटवर काम करणाऱ्या एन्झाइममध्ये तो दुर्मिळ. दुसरीकडे बसणारा पदार्थ एन्झाइमची ठेवण थोडी तरी बदलतोच, आणि मग केएमही हलते. रेषा अक्षावर न मिळता उभ्या अक्षाच्या डावीकडे कुठेतरी मिळतात. त्याला मिश्र अवरोध म्हणतात. पुस्तकातला तो अगदी आडव्या अक्षावरचा छेद प्रयोगात दिसला की आनंद होण्याऐवजी शंका यायला हवी. पारा-शिशासारखे जड धातू, किंवा कीटकनाशकातले एन्झाइमला कायमचे चिकटणारे पदार्थ, हेही असाच आलेख देतात. तेही एन्झाइम मोजून-मोजून मारतात. दुसरीकडे बसतात म्हणून नव्हे. हे ओळखायचं असेल तर मिश्रण पातळ करून किंवा डायलिसिसच्या पिशवीत ठेवून काम परत येतं का ते पाहतात. सोयाबीन-अवरोधकाच्या बाबतीत हा तपासही सावध राहून वाचावा लागतो, कारण तो सुटतो पण फार हळू.

हा प्रश्न जुन्या उंदरांपुरता नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात हरभऱ्यावरच्या घाटे अळीच्या पोटातल्या एन्झाइमवर काम झालं. हरभऱ्याच्या स्वतःच्या अवरोधकांनाच अळीचं पोट निकामी करून टाकतं, असं १९९८ मध्ये त्या गटाने दाखवलं. अळीच्या पोटाच्या अर्कात एक नव्हे, कितीतरी प्रथिनभंजक एन्झाइम असतात. अवरोधक त्यातल्या निम्म्यांना पूर्ण रोखत असेल आणि निम्म्यांना अजिबात रोखत नसेल, तर वेग सगळीकडे निम्मा येऊ शकतो आणि उलट आलेख पुन्हा ‘अस्पर्धात्मक’ म्हणेल. तूर आणि हरभऱ्याचा अभ्यास करणाऱ्याने हा दुसरा चकवा लक्षात ठेवलेला बरा.

लातूरच्या कारखान्यात यातलं काहीच लागत नाही. तिथे अवरोधक न मोजता युरिएज हे सोयाबीनमधलंच दुसरं एन्झाइम मोजतात. ते साधारण तेवढ्याच उष्णतेत मरतं आणि मोजायला सोपं. युरिया घातलेल्या द्रावणाचा सामू फारसा चढला नाही म्हणजे माल भाजला गेला, आणि बरोबरीने अवरोधकही गेला, असं धरतात. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेने तर कुनिट्झचा अवरोधकच नसलेलं ‘एनआरसी १२७’ हे वाण काढलं आहे. पण सोयाबीनमध्ये बोमन–बिर्क नावाचा दुसरा, लहान अवरोधकही असतो. त्यात गंधकाचे सात पूल असल्याने तो उष्णतेला जास्त टिकतो आणि एकाच वेळी दोन एन्झाइम धरू शकतो. कुनिट्झचा अवरोधक बियाण्यातून गेला म्हणजे भाजण्याचं काम संपलं, असं नाही.

नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांत जे विद्यार्थी सोयाबीन, वाल किंवा तुरीच्या अर्कावर प्रकल्प करतात, त्यांच्यासाठी शेवटचं. अहवालात ‘अस्पर्धात्मक अवरोध’ लिहिण्याआधी नळीत एन्झाइम किती नॅनोमोलर होतं आणि अवरोधक किती, हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहा. ते एकमेकांच्या जवळ असतील तर उलट आलेखावरून जात ठरवू नका. ट्रिप्सिन दुप्पट, तिप्पट करून अर्धा दिवस आणखी द्या आणि रेषा शून्यातून निघते की पुढून, ते पाहून मगच नाव द्या.